मामांच्या दुकानाचा आठवडी कागद: चार आकडे पुरतात

प्रश्न: म्हापशात मामांचं काजू-किराणाचं दुकान आहे. काउंटरची विक्री आहे, शिवाय काही हॉटेलं आणि शॅकवाले उधारीवर माल नेतात. बिलिंग सॉफ्टवेअरमधून डेटा काढून मी गूगल शीट्समध्ये डॅशबोर्ड बनवला, चौदा चार्ट आहेत. मामांनी दोन आठवडे बघितलं, "छान आहे रे" म्हणाले, आता उघडतच नाहीत, वहीच बघतात. त्यांना कॉम्प्युटर जमत नाही. आठवड्याला नेमकं काय दाखवावं?

उत्तर:

मामांना कॉम्प्युटर जमत नाही ही इथली अडचण नाही. तुमच्या चौदा चार्टांतला एकही त्यांना सोमवारी सकाळी काय करायचं ते सांगत नाही, ही अडचण आहे. वही सांगते. म्हणून आधी आठवडाभर शीटला हात न लावता एवढंच बघा की मामा वही कधी उघडतात आणि मिटल्यावर लगेच काय करतात. एखाद्याला फोन लावतात, एजंटला माल सांगतात, चेक लिहितात की नोकराला भाव बदलायला सांगतात?

अशा दुकानात मालक आठवड्याला घेतो ते निर्णय बहुतेक चारच असतात. कुठला माल किती मागवायचा, कुणाचं पेमेंट सोडायचं आणि कुणाचं चार दिवस थांबवायचं, कुठल्या उधारीवाल्याच्या मागे लागायचं, आणि कुठल्या वस्तूचा भाव हलवायचा. या चारांपैकी एकाला तरी जो आकडा उत्तर देत नाही, त्याला कागदावर जागा नाही. सरासरी बिल, तासवार गर्दी, विभागवार पाय चार्ट, वर्षाची एकूण विक्री हे सगळं यातच गेलं. दुकान निव्वळ रोखीचं असतं तर उधारीची ओळही गेली असती. शॅकवाले आहेत म्हणून ती राहते.

आधी आठवडा कुठून कुठे धरायचा ते ठरवा. म्हापशाला शुक्रवारचा बाजार असल्यामुळे प्रत्येक आठवड्यात एक आणि एकच शुक्रवार यायला हवा. म्हणून "महिन्याचे पहिले सात दिवस" अशी मोजणी नको, सोमवार ते रविवार धरा. तुलनाही "मागच्या महिन्याशी" नको, मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीशी करा. २८ दिवसांत चारच शुक्रवार येतात, ३० किंवा ३१ दिवसांत कधी चार, कधी पाच. पाच शुक्रवारांचा महिना उगाच चांगला दिसतो. चार आठवड्यांत पगाराचा आठवडाही बहुधा एकदाच येतो, म्हणून महिन्याच्या सुरुवातीची उसळी आणि अखेरची मंदी दोन्ही त्या सरासरीत मुरतात.

पहिला आकडा: मालावर काय सुटलं. विक्री दाखवू नका, विक्रीतून खरेदीची किंमत वजा जाऊन उरलेले रुपये दाखवा. समजा चार आठवड्यांची सरासरी विक्री २,२५,००० आणि त्यावर सुटतात ३६,०००. या आठवड्यात विक्री २,४०,००० झाली पण सुटले ३३,६००. विक्रीचा चार्ट हिरवा दिसला असता, आणि मामांना वाटलं असतं की आठवडा बरा गेला. खरं तर नेहमीची विक्री घटली होती, एखाद्या हॉटेलने तेलाचे डबे आणि साखरेचं पोतं जवळजवळ खरेदीच्या भावात नेलं, आणि तेवढ्यासाठी भांडवल मात्र अडकलं. या आकड्याखाली, सुटलेले पैसे कुठल्या तीन वस्तूंवर सर्वांत जास्त घटले, त्यांची नावं द्या. भाव हलवायचा की नाही हे मामा त्या तीन नावांवरून ठरवतील.

हा आकडा सोपा वाटतो, पण चुकतो सर्वांत जास्त हाच, आणि त्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं जीएसटी. दुकान रेग्युलरमध्ये असेल तर विक्री आणि खरेदी दोन्ही कर वगळून धरा. कंपोझिशनमध्ये असेल तर खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही, म्हणून खरेदी करासकट हीच खरी किंमत, आणि उलाढालीवर भरायचा १ टक्का वेगळा वजा. विक्री करासकट आणि खरेदी कर वगळून अशी सरमिसळ झाली की ५ टक्क्यांच्या मालावर सुमारे पाच टक्के मार्जिन हवेतून उगवतं. मागच्या वर्षाशी तुलना करणार असाल तर हे आणखी सांभाळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून तूप, बदाम अशा कितीतरी मालावरचा कर १२ वरून ५ टक्के झाला. करासकट विक्री बघितली तर त्या तारखेनंतर तेवढाच माल विकूनही गल्ला कमी दिसतो.

दुसरं कारण स्कीमचा माल. "बारावर एक फ्री" आलं की सॉफ्टवेअर तो तेरावा नग शून्य भावाने चढवतं. तुम्ही शेवटचा खरेदीभाव उचलत असाल आणि शेवटची नोंद नेमकी ती फ्रीची असेल, तर त्या वस्तूवर शंभर टक्के मार्जिन दिसतं. पकडायला अवघड नाही. दर रविवारी यादी मार्जिनप्रमाणे लावा, आणि ४० टक्क्यांच्या वर किंवा शून्याच्या खाली जे येईल ते हाताने तपासा. खरी वस्तू त्यात क्वचित सापडेल, नोंदीची चूकच जास्त.

तिसरं कारण तुमच्या दुकानाच्या गाभ्यातलं, सुटा माल आणि पाकिटं. समजा काजूचा दहा किलोचा डबा कर वगळून ८,५०० ला पडला. पाव किलोची चाळीस पाकिटं धरली तर एक पाकीट २१२.५० ला पडतं. विक्री २५०, त्यातला ५ टक्के कर काढला की २३८.१०, म्हणजे पाकिटामागे २५.६० सुटले असं शीट सांगेल. पण भरताना अर्धा किलो तुकडा बाजूला निघाला तर पाकिटं अडतीसच होतात. तुकडा वेगळा विकून तीनशे रुपये परत आले असं धरलं तरी पाकीट २१५.८० च्या आसपास पडतं, आणि वर पिशवी-लेबलचे तीन रुपये. सुटतात एकोणीसच्या जवळपास, पंचवीस नव्हे. काजूवर चालणाऱ्या दुकानात एवढ्या फरकाने आठवड्याचं चित्र बदलतं. म्हणून प्रत्येक डब्यातून किती पाकिटं भरली हे भरणाऱ्यानेच डब्याच्या झाकणावर मार्करने लिहावं, आणि तुम्ही रविवारी ते उतरवून घ्यावं. सॉफ्टवेअरमध्ये नोंद करायला सांगितलंत तर ती होणार नाही.

दुसरा आकडा: खरेदीला मोकळे पैसे. मामा ज्याच्यासाठी कागद रोज हातात घेतील तो हाच. बँकेत किती आहेत ते त्यांना ठाऊकच असतं. त्यातले आपले किती, ते ठाऊक नसतं. हिशेब असा मांडा. समजा बँक आणि गल्ला मिळून १,३५,०००. येत्या सात दिवसांत काउंटरवर येणारे पैसे धरायचे, पण सरासरी नाही, मागच्या चारांतल्या सर्वांत कमी आठवड्याचे, समजा १,६५,०००. त्यातून या आठवड्यात द्यायची पेमेंटं, पगार आणि भाडं मिळून १,७८,००० वजा. जीएसटीचे १२,००० बाजूला, कारण महिन्याचा रिटर्न भरणाऱ्याला ते पुढच्या महिन्याच्या २० तारखेला द्यायचेच आहेत (तिमाही योजनेत असाल तर पहिल्या दोन महिन्यांचं चलन २५ तारखेपर्यंत). उरले १,१०,०००. एजंट समोर बसला की मामांनी एवढ्याच रकमेत खेळायचं.

यात उधारीची वसुली धरू नका. शॅकवाला "शुक्रवारी देतो" म्हणाला तरी नाही. पैसे आले तर आनंदच आहे, पण त्यांच्या भरवशावर चेक लिहायचा नाही. आणि पुढच्या तारखेचे दिलेले चेक वटण्याच्या तारखेला धरा, लिहिल्याच्या तारखेला नव्हे. सॉफ्टवेअर बहुतेक वेळा चेक लिहिला की पेमेंट झालं असं मानतं, त्यामुळे देण्याच्या यादीतून ते नाव गळतं आणि बँकेत मात्र पैसे अजून दिसतात. मोकळा आकडा फुगतो तो यामुळेच. चेकबुकाची अर्धुकं आणि बँकेचं स्टेटमेंट जुळवलं की हे लगेच समजतं.

तिसरा आकडा: किती दिवसांचा माल उरला. सगळ्या आठशे-हजार वस्तूंसाठी हे करायला जाऊ नका. अशा दुकानात कॉम्प्युटरमधला स्टॉक बरोबर नसतो. पोतं फोडलं, पाकिटं भरली, त्याची नोंद राहिली. स्टॉक रिपोर्टमध्ये काजूचा अख्खा डबा शिल्लक आणि पाकिटं वजा चौदा असं दिसलं, तर ती हीच गोष्ट. वजा आकडे किती ओळींवर आहेत ते एकदा मोजा, म्हणजे त्या रिपोर्टवर किती विसंबायचं याचा अंदाज येईल.

त्याऐवजी सुटलेल्या पैशांप्रमाणे वरच्या वीस वस्तू निवडा, विक्रीप्रमाणे नव्हे. विक्रीप्रमाणे निवडल्या तर तेल आणि साखर वर बसतात आणि डब्ल्यू ३२० काजू खाली राहतो. या वीस वस्तू रविवारी रात्री दुकान बंद करताना हाताने मोजायच्या. एकाने मोजायचं, एकाने लिहायचं, अर्ध्या तासाचं काम आहे. मग शीटमध्ये, C मध्ये मोजलेला स्टॉक, D मध्ये मागच्या २८ दिवसांची विक्री आणि E मध्ये त्या २८ पैकी किती दिवस माल दुकानात होता, असं धरून:

```
=IFERROR(C2/(D2/E2), "")
```

E चा कॉलम वाचवायचा मोह होईल, सरळ २८ ने भागावंसं वाटेल. तसं करू नका. डब्ल्यू ३२० समजा ६० किलो विकला गेला, पण आठ दिवस माल संपलेला होता. २८ ने भागलं तर रोजचा खप २.१४ किलो दिसतो, खरा तो वीस दिवसांतला, म्हणजे ३ किलो. १८ किलो शिल्लक असेल तर शीट आठ दिवस पुरेल म्हणेल आणि माल सहाव्या दिवशी संपेल. वाईट भाग असा की एकदा माल संपला की सरासरी घसरते, म्हणून ऑर्डर कमी जाते, म्हणून माल पुन्हा संपतो. चांगल्या खपाची वस्तू हळूहळू "चालत नाही" असं वाटू लागतं ते यामुळे.

किती दिवसांवर आलं की मागवायचं, हे माल कुठून येतो त्यावर आहे. माल यायला लागणारे दिवस, पुढच्या मोजणीपर्यंतचे सात आणि वर तीन, इथपासून सुरुवात करा. स्थानिक एजंट दुसऱ्या दिवशी आणून देत असेल तर अकरा दिवसांची हद्द पुरते. बेळगावहून येणाऱ्या मालाला चार दिवस लागत असतील तर चौदा. पावसाळ्यात चोर्ला घाटात वाहतूक अडली की हे दिवस वाढतात, म्हणून जून ते सप्टेंबर त्या मालाची हद्द दोन-तीन दिवसांनी वर न्या. कागदावर वीसच्या वीस वस्तू छापू नका. हद्दीखाली आलेल्या तेवढ्याच छापा. एखाद्या आठवड्याला एकच नाव आलं तर एकच.

चवथीच्या आधी हा सगळा हिशेब बाजूला ठेवायचा. रवा, मैदा, गूळ, तूप, नारळ यांचा खप त्या दिवसांत मागच्या २८ दिवसांवरून कळत नाही, आणि मागच्या वर्षीच्या त्याच तारखेवरूनही नाही. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. तारखेला तारीख लावली तर यंदाच्या ऐन गर्दीच्या आठवड्यासमोर मागच्या वर्षीचा चवथ उलटून गेल्यावरचा थंड आठवडा येतो. तारखांऐवजी "चवथीला किती दिवस" असा कॉलम करा आणि मागच्या वर्षीचे उणे २१ ते उणे १ दिवस समोर ठेवा. पुरुमेंताच्या, म्हणजे मे महिन्यातल्या पावसाआधीच्या साठवणीच्या खरेदीला तारखेला तारीख चालते, कारण पावसाचा अंदाज धरून लोक साधारण त्याच दिवसांत भरणी करतात.

चौथा आकडा: मुदत उलटलेली उधारी. एकूण उधारी नको. एकूण उधारी सीझनमध्ये वाढणारच, तिच्यावरून काही करता येत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाशी ठरलेली मुदत, समजा पंधरा दिवस, उलटून गेलेली रक्कम तेवढीच धरा, आणि खाली तीन नावं. तीनच का, तर मामा सोमवारी तीन फोन करतील, अकरा करणार नाहीत. नावं निवडताना थकलेली रक्कम गुणिले उलटलेले दिवस असं करून वरची तीन घ्या. २८,००० रुपये दहा दिवस उलटलेले म्हणजे २,८०,०००. ९,००० रुपये चाळीस दिवस उलटलेले म्हणजे ३,६०,०००. नुसत्या रकमेने लावलं असतं तर दुसरा मागे राहिला असता, आणि तोच बुडण्याची शक्यता जास्त.

शॅकवाल्यांना वेगळा नियम लावा. मेअखेर शॅक उतरतात आणि त्यानंतर गिऱ्हाईक चार महिने समोर येत नाही. एप्रिलपासून त्यांची मुदत कागदावर निम्मी करा आणि मे महिन्यात मुदत उलटो न उलटो, त्यांची पूर्ण बाकी दाखवा. मुदत अशी बदलण्याआधी मामांना विचारा. जुने संबंध असतात आणि कुणाला किती ताणायचं हे शीटपेक्षा त्यांना चांगलं कळतं.

आता शीटमधल्या दोन गोष्टी, ज्यांनी आकडे गुपचूप बिघडतात. आठवड्याची बेरीज अशी लिहा, B1 मध्ये सोमवारची तारीख:

```
=SUMIFS(Sales!F:F, Sales!A:A, ">="&B1, Sales!A:A, "<"&B1+7)
```

शेवटी `"<="&B1+6` लिहिलंत तर एक्सपोर्टमध्ये तारखेबरोबर वेळही असल्यास रविवारची सगळी बिलं गळतात, कारण रविवार सकाळी दहा हे रविवार मध्यरात्रीपेक्षा मोठं असतं. रविवारची विक्री शून्य दिसली तर आधी हे तपासा. दुसरं, फाइल आणताना तारखा दिवस-महिना उलट होतात. ०५/०९ म्हणजे ५ सप्टेंबरचा ९ मे होतो आणि १३ तारखेपासून पुढच्या तारखा मजकूर म्हणून तशाच राहतात. कॉलममध्ये काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या की समजा. शीटच्या सेटिंगमध्ये लोकॅल भारत करून फाइल पुन्हा आणा. अपुरी माहिती कागदावर जाऊ नये म्हणून वर एक राखणदार ठेवा, दुकान रविवारी बंद असेल तर ६ च्या जागी ५:

```
=IF(INT(MAX(Sales!A:A))<B1+6, "माहिती अपुरी", "")
```

कागद म्हणजे खरंच कागद. ए४ वर चार ओळी. प्रत्येक ओळीत मामांच्या तोंडचं नाव ("सुटले", "मोकळे", "संपतंय", "थकलंय"), या आठवड्याचा आकडा मोठ्या अक्षरात आणि शेजारी लहान अक्षरात नेहमीचा आकडा. वर "रविवार रात्री ९ पर्यंत" असा शिक्का. रंग एकच, लाल, आणि तो कधी लागायचा ते मामांनी ठरवायचं. आकडे लाख-हजारांत दिसायला हवेत, २२५,००० असं लिहिलेलं वाचताना मामा दर वेळी अडखळतील. त्यासाठी कस्टम नंबर फॉरमॅट:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

उणे आकड्यांना हा फॉरमॅट लागू पडत नाही, ते इंग्रजी पद्धतीनेच दिसतात. "मोकळे" उणे गेले तर तो आकडा नाहीतरी लाल असेल, पण स्वल्पविराम बघून घाबरू नका.

कागद सोमवारी एजंट यायच्या आधी गल्ल्याशेजारी हवा, आणि त्याचाच फोटो व्हॉट्सॲपवर. मामा ऑर्डर शनिवारी देत असतील तर मोजणी शुक्रवारी रात्री करा आणि आठवडा शनिवार ते शुक्रवार धरा, मग वरच्या सूत्रात B1 ला शनिवार येईल. कागदाच्या उजवीकडे एक रिकामी पट्टी सोडा, मामांनी त्या आकड्यावरून काय केलं ते पेनने लिहायला. "दोन डबे सांगितले", "फोन केला, गुरुवारी देतो", एवढं पुरे. आठ आठवड्यांनी ते आठ कागद पुढ्यात घ्या. ज्या ओळीसमोर एकदाही काही लिहिलेलं नाही ती काढून टाका. अपवाद "मोकळे" या ओळीचा. तिच्यावरून केलेली गोष्ट बहुधा "घेतलं नाही" अशी असते, आणि न घेतलेला माल कुणी लिहून ठेवत नाही.

पडून राहिलेला माल या कागदावर नको. नव्वद दिवसांत हललेल्या नाहीत अशा वस्तूंची यादी महिन्यातून एकदा, वेगळ्या कागदावर द्या. दर आठवड्याला तीच तीच नावं दिसली की डोळा त्यांच्यावरून सरकायला शिकतो, आणि मग शेजारच्या ओळींवरूनही सरकतो. तुमचे चौदा चार्ट पुसू नका. मामांनी कधी विचारलं की या आठवड्यात सुटले कमी का, तर उत्तर शोधायला ते तुम्हाला लागतील. फक्त त्यांची लिंक मामांना पाठवू नका.